हत्ती नुसता बाजूला का सरकत नाही? (वाट मोकळी करणारं बलिदान)

ओवीची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी पाचवीत आहे, दर शनिवारी बुद्धिबळाच्या क्लासला जाते. परवा सरांनी फळ्यावर एक कोडं घातलं होतं, ते तिने वहीत उतरवून आणलं. तसंच्या तसं देते.

पांढरा: राजा ए2, वजीर बी1, हत्ती एच1, प्यादं जी6.
काळा: राजा जी8, हत्ती एफ8, प्यादं जी7.
पांढऱ्याची खेळी. तीन खेळ्यांत मात.

उत्तरही वहीत आहे. हत्ती एच8 वर जाऊन शह, काळा राजा तो हत्ती मारतो. वजीर एच1 वर येऊन शह, राजा परत जी8 वर. वजीर एच7, मात. पटावर मांडून पाहिलं, बरोबर आहे.

पण ओवीचा प्रश्न वेगळाच आहे आणि तो मलाही पटतो. ती म्हणते, वजिराला एच1 वर यायचंय आणि तिथे आपलाच हत्ती बसलाय, एवढीच अडचण आहे ना? मग हत्ती फुकट कशाला घालवायचा? तो वर एच5 वर सरकू दे, वजीर त्याच्यामागे एच1 वर येईल. हत्तीही वाचला आणि वाटही मोकळी झाली. सर म्हणाले, "तसं केलं तर टेम्पो जातो", आणि तेवढ्यात क्लास संपला. तिला नीट कसं सांगू? आणि या प्रकाराला सरांनी क्लिअरन्स सॅक्रिफाइस म्हटलं, ते फक्त अशा मात देण्याच्या कोड्यांतच असतं का?

---

विनय_डोंबिवली

ताई, ओपनिंग लाइनसाठी मोहरं द्यायचं असेल तर मुलांना आधी गॅम्बिट शिकवावेत असं माझं मत आहे. किंग्ज गॅम्बिटमध्ये दुसऱ्याच खेळीला एफचं प्यादं देतात आणि बदल्यात डाव लवकर उघडतो. माझ्या मुलाला मी इव्हान्स गॅम्बिट शिकवला, त्याला फार आवडला. पाचवीच्या मुलीला हत्तीची बलिदानं जरा लवकर होतील.

---

रेवती_एस

विनयजी, ताई ओपनिंगबद्दल विचारत नाहीयेत. इथे "लाइन उघडणं" म्हणजे पटावरची एखादी पट्टी किंवा कर्ण मोकळा करणं, तेही डावाच्या मध्यात किंवा शेवटी. गॅम्बिटमध्ये प्यादं देऊन तुम्ही वेळ आणि मध्य घेता. ओवीच्या कोड्यात हत्ती देऊन पांढऱ्याला काहीच "मिळत" नाही, फक्त हत्ती तिथून नाहीसा होतो. हवंही तेवढंच होतं.

मी लहान मुलांना शिकवते. ताई, ओवीचा प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, तेव्हा तिची खेळी प्रत्यक्ष खेळून बघू. पांढरा हत्ती एच5. आता काळ्याला एक पूर्ण खेळी मिळाली. तो त्याचा हत्ती एफ8 वरून ई8 वर नेतो. ही खेळी साधी दिसते, पण तिने एफ8 घर रिकामं झालं. मग वजीर एच1, काळा राजा एफ8. हत्ती एच8 शह, राजा ई7, आणि तो बाहेर पडला. पांढरा अजूनही वरचढ आहे, वजीर आहे त्याच्याकडे, पण मात हातची गेली.

म्हणजे काळ्या राजाला कोंडणाऱ्यांत त्याचाच एफ8 चा हत्ती होता. त्याला हलायला एक खेळी मिळाली की पिंजऱ्याचं दार उघडतं. एच8 चा शह ती खेळी मिळूच देत नाही. शह आहे, राजाला तो हत्ती मारण्यावाचून दुसरा पर्याय नाही, आणि पुढच्याच खेळीला वजिराचा शह. ओवीला असं विचारा: हत्ती एच5 वर गेल्यावर काळा काय काय करू शकतो? आणि एच8 वर गेल्यावर? पहिल्या प्रश्नाला डझनभर उत्तरं आहेत, दुसऱ्याला एकच. सरांनी टेम्पो म्हटलं ते हे.

---

कोडेवेडा

रेवतीताईंचं बरोबर आहे, पण कोडं उतरवताना काहीतरी सुटलंय. जसं दिलंय तसं मांडलं तर दोनच खेळ्यांत मात आहे आणि हत्ती द्यावाच लागत नाही!

वजीर बी3 शह. राजाला एच7, एच8 बंद (हत्तीमुळे), एफ7 बंद (जी6 च्या प्याद्यामुळे). मध्ये फक्त हत्ती एफ7 वर घालता येतो. वजीर तोच मारतो, वजिराला प्याद्याचा आधार, मात. ताई, बी3 ते जी8 या कर्णावर काळ्याचं काहीतरी असणार. वही पुन्हा बघा.

---

ओवीची_आई

बरोबर! डी5 वर काळं प्यादं आहे, पानाच्या दुमडीत गेलं होतं. ओवीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे त्या प्याद्याने पांढऱ्याची एक वाट बंद केली आणि त्याला दुसरी उघडायला लावली." आणि एच5 वाली गोष्ट तिला पटली. तिने स्वतः काळ्याकडून ई8 खेळून पाहिलं.

---

कोडेवेडा

आता ठीक. ही रचना फार जुनी आहे. पेद्रो डॅमियानो या पोर्तुगीज माणसाचं पुस्तक 1512 साली रोममध्ये छापलं गेलं, त्याच्या नावाने ही मात ओळखली जाते. प्रचलित रूपात दोन हत्ती असतात: पहिला एच8 वर मरतो, दुसरा त्याच्या जागी येऊन तोही एच8 वर मरतो, मग वजीर येतो.

कोड्यांच्या जगात याचंच एक उलटं रूपही आहे. 1861 साली फ्रँक हीली यांनी रचलेल्या कोड्यात पहिल्याच खेळीला पांढरा हत्ती डी1 वरून थेट एच1 च्या कोपऱ्यात जातो. तिथे त्याला काहीच काम नाही. तो एवढ्या लांब जातो कारण वजिराला बी1 वर येऊन त्याच रांगेतून जी1 पर्यंत धावायचंय. हत्ती मरत नाही, फक्त पुढे पळून मागच्याला रांग मोकळी करून देतो. ब्रिस्टलच्या स्पर्धेतलं कोडं, म्हणून या कल्पनेलाच ब्रिस्टल म्हणतात.

---

शशांक_टोरांटो

वाचून मजा आली. ओवीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, फक्त कोड्यांत नसतं. सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण फिशर विरुद्ध बेन्को, अमेरिकेचं अजिंक्यपद 1963-64. फिशरने ती स्पर्धा 11 पैकी 11 गुणांनी जिंकली होती. 19 व्या खेळीला त्याने हत्ती एफ6 वर नेऊन ठेवला, सरळ उंटाच्या तोंडी. त्या हत्तीने बलिदान देऊन डी3 च्या उंटाचा कर्ण उघडला आणि वजीर एच7 वर मात करायला मोकळा झाला. क्लिअरन्स सॅक्रिफाइसचं याहून सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

---

रेवती_एस

शशांकजी, डाव सुंदर आहेच, पण एफ6 चा हत्ती कुठलीही वाट उघडत नाही. तो बंद करायला गेलाय. हा फरक महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्थिती आठवा. पांढरा वजीर एच5 वर, पांढरा उंट डी3 वर, दोघांचं लक्ष एच7 वर. काळा राजा एच8 मध्ये. उंट आणि एच7 यांच्यामध्ये पांढऱ्याचंच ई4 चं प्यादं उभं. म्हणजे वाट अडवणारं मोहरं ते प्यादं. ते ई5 वर ढकललं की कर्ण खुला, एच7 वर मात. मग फिशरने 19 व्या खेळीला ई5 का नाही केलं? कारण काळा लगेच एफ7 चं प्यादं एफ5 वर आणतो आणि तोच कर्ण पुन्हा बंद करतो. म्हणून आधी हत्ती एफ6 वर, म्हणजे एफ7 च्या प्याद्याच्या नाकासमोर. आता ते प्यादं हलूच शकत नाही. काळ्या उंटाने हत्ती मारला तर तो उंटच एफ6 वर बसतो, प्यादं तरी अडकलेलंच. मग ई5, आणि एच7 ची मात थांबत नाही. बेन्कोने हत्ती मारला नाही, राजा जी8 वर नेला, आणि दोन खेळ्यांनी डाव सोडला.

तेव्हा वाट मोकळी केली प्याद्याने. हत्ती देऊ केला तो दार पुन्हा लागू नये म्हणून.

---

शशांक_टोरांटो

अच्छा! हे मी इतकी वर्षं उलटं समजत होतो. पण मग माझा मुद्दा अर्धा तरी उभा राहतो ना? दोन खेळ्या मिळून पाहिल्या तर हत्ती दिला, कर्ण उघडला. आणि ई5 च्या प्याद्याला बलिदान म्हणायचं का? ते खाल्लं तर मात, म्हणजे खरं तर ते कोणी खातच नाही.

---

कोडेवेडा

माझ्या मते ते बलिदान नाही. जे मारता येत नाही किंवा मारून उपयोग नाही, ती नुसती रेषा उघडणारी खेळी. क्लिअरन्स म्हणा, सॅक्रिफाइस म्हणू नका.

---

रेवती_एस

मी तसं मानत नाही. ओवीच्या कोड्यात हत्ती मारणं सक्तीचं आहे, फिशरच्या डावात ऐच्छिक आहे, पण देणाऱ्याने दोन्हीकडे मोहरं मृत्यूच्या तोंडी ठेवलंच. असो, यावर क्लासमध्येही माझे वाद होतात.

उदाहरण द्यायचंच तर आपल्या आनंदचं देते, कारण त्यात अडसर एक नाही, दोन आहेत, आणि दोन्ही त्याचेच. अरोनियन विरुद्ध आनंद, वाइक आन झी, जानेवारी 2013. आनंद काळ्याकडून. ओवीला पट घेऊन बसवा.

पंधराव्या खेळीपूर्वी काळ्याची मांडणी अशी: राजा जी8, वजीर डी8, हत्ती सी8 आणि एफ8, उंट बी7 आणि डी6, घोडे डी7 आणि जी4, प्यादी ए7, बी5, ई6, एफ7, जी7. पांढऱ्याची: राजा जी1, वजीर सी2, हत्ती ए1 आणि एफ1, उंट सी1 आणि डी3, घोडे सी3 आणि एच7, प्यादी ए3, बी2, डी4, एफ4, जी2, एच2. पांढरा घोडा एच7 चं प्यादं खाऊन तिथेच बसलाय आणि एफ8 चा हत्ती खायला टपलाय.

आता काळ्या वजिराकडे बघा. तो डी8 वर आहे. सरळ खाली डी4 वर पांढरं प्यादं आहे, आणि त्या घरातून जी1 च्या राजाकडे कर्ण जातो. ई3 रिकामं, एफ2 रिकामं. वजीर डी4 वर पोचला तर तो शह होतो. पण मध्ये डी7 वर आपला घोडा आणि डी6 वर आपला उंट.

मी मुलांना एकच सवय लावते. आपलं मोहरं बोटाने उचला, हवेत धरा, आणि विचारा: हे इथे नसतं तर मी काय खेळलो असतो? इथे दोन मोहरी उचला. उत्तर लगेच दिसतं, वजीर डी4. मग दुसरा प्रश्न: ही दोन्ही मोहरी अशी कुठे जातील की समोरच्याला उसंत मिळणार नाही?

पंधरावी खेळी: उंट डी6 वरून सी5. प्यादं त्याला मारू शकतं. मारलं तर डी7 चा घोडा सी5 वर परत मारतो, डी3 च्या उंटावर चालून येतो, आणि डीची पट्टी आपोआप रिकामी होते. अरोनियनने मारलं नाही. तो डी3 चा उंट ई2 वर घेऊन गेला, म्हणजे जी4 चा काळा घोडा आता धोक्यात. एफ8 चा हत्ती धोक्यात होताच.

सोळावी खेळी: घोडा डी7 वरून ई5. एक हत्ती आणि एक घोडा धोक्यात असताना आनंदने तिसरं मोहरं एफ4 च्या प्याद्यासमोर ठेवलं. डी4 चं प्यादं त्याला मारू शकत नाही, कारण सी5 च्या उंटाने ते राजाशी जखडून टाकलंय. एफ4 चं प्यादं मारू शकतं. मारलं तर: वजीर डी4 वर प्यादं खाऊन शह. राजा एच1. मग वजीर जी1 वर शह! त्याला सी5 च्या उंटाचा आधार, राजा मारू शकत नाही, एफ1 च्या हत्तीलाच मारावं लागतं. आणि जी4 चा घोडा एफ2 वर, मात. राजा कोपऱ्यात, भोवती त्याचाच हत्ती आणि त्याचीच प्यादी.

म्हणून अरोनियनने घोडा मारला नाही. त्याने ई2 च्या उंटाने जी4 चा घोडा मारला. उंटाने डी4 वर शह, राजा एच1, मग ई5 च्या घोड्याने जी4 वर उंट परत मारला. आनंदने 23 व्या खेळीला डाव जिंकला.

---

पटावरचा_जुना

रेवतीताई, छान लिहिलंत. मी सांगलीकडचा, वय 71. हा डाव त्या वर्षी वर्तमानपत्रातून उतरवून घेतला होता. एक सांगावंसं वाटतं. ई5 च्या घोड्याची दोन कामं होती. एक, डीची पट्टी मोकळी करणं. दोन, जी4 चा घोडा मेला तर त्या जागी लगेच दुसरा घोडा उभा करणं. डावात प्रत्यक्ष वापर झाला दुसऱ्या कामाचा. म्हणून नुसत्या "वाट मोकळी" या नावाखाली तो बसत नाही असं मला वाटतं. चांगली खेळी एका नावात मावत नाही.

माझा स्वतःचा अनुभव लिहितो, कारण इथे सगळी उदाहरणं शह आणि मात यांचीच आली. वाट मोकळी करण्याचा दुसरा, सावकाश प्रकार आहे, त्यात मी एकदा जिंकलो आणि एकदा सपाटून मार खाल्ला.

किंग्ज इंडियन खेळायचो. त्यात काळ्याचा जी7 चा उंट ई5 च्या आपल्याच प्याद्यामागे गुदमरून बसतो. पांढऱ्याची प्यादी सी4, डी5, ई4, एफ3. आपण एफ5 करायचं, ई4 चं प्यादं एफ5 वर मारतं, आपण जीच्या प्याद्याने परत मारायचं. आता आपली प्यादी ई5 आणि एफ5. मग कधीतरी ई5 चं प्यादं ई4 वर ढकलून द्यायचं. एफ3 चं प्यादं ते खातं. आपण परत मारायचंच नाही, एफ5 चं एफ4 वर न्यायचं! एक प्यादं गेलं. पण ई5 घर रिकामं झालं, डी7 चा घोडा तिथे येऊन बसतो आणि पांढऱ्याचं कुठलंच प्यादं त्याला तिथून हाकलू शकत नाही. पांढऱ्याचं ई4 चं प्यादं घोड्यासमोर अडकून पडतं, आणि त्याच्यामागचा ई2 चा उंट आता पांढऱ्याच्याच प्याद्यावर डोकं आपटत राहतो.

पहिल्यांदा हे मी उन्हाळी स्पर्धेत केलं, 1984 च्या सुमारास. घोडा ई5 वर बसला तो डाव संपेपर्यंत हलला नाही, आणि वजीर त्याच्या आडोशाने राजावर गेला.

दुसऱ्यांदा तीच युक्ती दुसऱ्या एका खेळाडूवर. फरक एवढाच होता की त्याचा काळ्या घरांचा उंट ई3 वर होता. माझं प्यादं एफ4 वर आलं, उंटावर हल्ला झाला, आणि तो शांतपणे डी4 वर जाऊन बसला. मी उघडलेल्या कर्णाच्या ऐन मध्यावर! माझा घोडा ई5 वर येताच त्याने उंट देऊन तो घोडा मारला, मी उंटाने परत मारलं. आता घोडाच उरला नाही, आणि ज्याच्यासाठी घर रिकामं केलं तोच गेला. एका प्याद्याने कमी असलेला शेवट 60 खेळ्यांपर्यंत ओढला आणि हरलो.

तेव्हापासून ई4 करण्याआधी मी एकच गोष्ट बघतो: उघडलेल्या वाटेवर समोरच्याचं कोण उभं राहू शकतं.

---

रेवती_एस

आण्णा, हे फार मोलाचं आहे. तुमच्या उदाहरणात आणखी एक गाठ आहे, बघा पटतं का. ई5 च्या प्याद्याने दोन गोष्टी मोकळ्या केल्या: घोड्यासाठी घर आणि उंटासाठी कर्ण. पण घोडा ई5 वर बसला की उंटाचा कर्ण पुन्हा बंद. दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. कुणासाठी मोकळं करायचं हे आधीच ठरवावं लागतं. वरच्या वयोगटातल्या मुलांच्या डावात हे मी पुष्कळ पाहिलंय, प्यादं देतात आणि मग दोन्ही मोहरी एकाच दारातून आत घुसायला बघतात.

---

पटावरचा_जुना

पटतं, पण पूर्ण नाही. घोडा ई5 वर असताना उंट मागे दबा धरून असतो. घोडा ज्या क्षणी शह देत किंवा काही मारत हलेल, त्या क्षणी उंट जागा होतो. मी जिंकलेल्या डावात शेवट तसाच झाला होता. आंधळा असला तरी तो उंट मेलेला नव्हता.

---

विनय_डोंबिवली

मी सुरुवातीला प्रश्न चुकीचा वाचला होता, आता कळतंय. एक शंका. मुलगा ऑनलाइन कोडी सोडवतो, तिथे असं काही आलं की तो पहिलीच खेळी म्हणून हत्ती किंवा वजीर फेकून देतो, आणि निम्म्या वेळा चुकतं. कोड्यात बलिदान असणारच हे गृहीत धरतो. खऱ्या डावातही तेच करायला लागलाय. कसं ओळखायचं, कुठे करायचं आणि कुठे नाही?

---

रेवती_एस

विनयजी, त्याला क्रम उलटा करायला लावा. फेकायचं मोहरं आधी शोधू नये. आधी शेवटची खेळी शोधावी, जी आत्ता होत नाहीये. "वजीर एच1 वर आला असता तर मात होती." मग का होत नाही? समोरच्याच्या मोहऱ्यामुळे होत नसेल तर हा प्रकारच नाही, तिथे दुसरी युक्ती लागेल. आपल्याच मोहऱ्यामुळे होत नसेल तरच पुढे जायचं.

आणि मग फसते ती जागा बहुतेक वेळा एकच असते, मोहरं मारणं समोरच्याला सक्तीचं नसतं. शह असेल तर सुटका नाही. नुसती धमकी असेल तर तो ती धमकी सोडून स्वतःची मोठी धमकी देऊ शकतो. आनंदच्या डावात ई5 चा घोडा शह देत नव्हता. अरोनियनला निवड होती, आणि त्याने खरोखरच दुसरं काहीतरी केलं. आनंदला घोडा मारला तर काय एवढंच पाहून भागलं नसतं, न मारला तर काय हेही पाहावं लागलं. तुमच्या मुलाला विचारा: तुझं बलिदान त्याने घेतलंच नाही तर तू काय खेळशील? त्याचं उत्तर तयार नसेल तर हात पटावर न्यायचा नाही.

---

ओवीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. आण्णांचा प्रसंग ओवीला दोनदा वाचून दाखवावा लागला.

काल रात्री तिने आनंदचा डाव शेवटपर्यंत मांडला. मध्येच अडली, म्हणून परत आले. उंट डी4 वर, घोडा जी4 वर आल्यानंतर अरोनियनने 19 व्या खेळीला एच7 च्या घोड्याने एफ8 चा हत्ती खाल्ला. ओवीला वाटलं आता वजीर एच4 वर जाणार आणि एच2 वर मात होणार. डी8 ते एच4 कर्ण मोकळाच आहे. पण आनंदने एफ7 चं प्यादं एफ5 वर नेलं. तिचा प्रश्न: "आत्तापर्यंत सगळ्या वाटा उघडत होता, मग आता स्वतःच मध्ये प्यादं का घातलं?"

---

रेवती_एस

शाब्बास ओवी! उत्तर मी देत नाही. तिला सांगा, वजीर एच4 खेळ आणि मग पांढऱ्याकडून बस. पांढरा वजीर सी2 वर आहे. एच7 वर आता कुणीच नाही, ना काळं प्यादं, ना पांढरा घोडा.

---

ओवीची_आई

अर्ध्या तासाने ओरडत आली. सी2 पासून एच7 पर्यंतचा कर्ण पूर्ण रिकामा आहे! काळा वजीर एच4 वर गेला की पांढरा वजीर एच7 वर शह देतो. काळ्या वजिराने तो मारला तर एफ8 चा घोडा त्याला मारतो, राजा घोड्याला मारतो, आणि दोन्ही वजीर पटाबाहेर. हल्ला संपला, आणि पांढऱ्याने हत्ती खाल्लेला आहेच.

एफ5 ने तो कर्ण बंद झाला. मग तिने पुढची खेळी झाकून ठेवली आणि मला विचारलं, आता एच4 ची धमकी आहे, तू अरोनियन असतीस तर काय केलं असतंस? मला नाही सुचलं. त्याने घोडा जी6 वर नेला होता, एच4 वर नजर ठेवायला.